सरतपासाचं शपथपत्र कसं वाचायचं: काय विचारायचं आणि कुठे गप्प बसायचं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग ज्यांना नुकतीच सनद मिळाली आहे, जे लॉच्या शेवटच्या वर्षाला आहेत, आणि ज्यांच्या घरातला एखादा दिवाणी दावा पुराव्याच्या टप्प्यावर आलाय, अशा सगळ्यांसाठी आहे.

विषय एकच. समोरच्या पक्षाने सरतपासाचं शपथपत्र दाखल केलं, त्याची प्रत तुमच्या हातात आली, आणि पुढच्या तारखेला उलटतपास आहे. ती सहा-सात पानं वाचायची कशी?

बहुतेक जण काय करतात? हायलायटर घेतात आणि जे जे खोटं वाटतं ते पिवळं करतात. थोड्या वेळाने सगळं पानच पिवळं होतं. मग उलटतपासात पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्या परिच्छेदापर्यंत प्रत्येक वाक्यावर प्रश्न विचारले जातात, आणि साक्षीदाराला आपली गोष्ट दुसऱ्यांदा, जास्त खुलवून सांगायची संधी मिळते.

मी सांगतोय ती पद्धत वेगळी आहे. शपथपत्रातलं प्रत्येक वाक्य तीनपैकी एका यादीत टाकायचं. पहिली यादी कबुलीची: जे आपल्या फायद्याचं आहे आणि समोरच्याने स्वतःच लिहून दिलंय. दुसरी यादी कागदाशिवायच्या विधानांची. तिसरी यादी उलटतपासाच्या मुद्द्यांची. आणि लक्षात ठेवा, या याद्या सगळं विचारण्यासाठी नसतात. काय विचारायचं नाही हे ठरवण्यासाठीही त्या तितक्याच लागतात.

आधी शपथपत्र म्हणजे काय ते

पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा, त्याचा वकील प्रश्न विचारायचा, आणि न्यायाधीश उत्तरं लिहून घ्यायचे. हा सरतपास. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ४ मध्ये बदल झाला, तो १ जुलै २००२ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर येतो. प्रत विरुद्ध पक्षाला द्यावी लागते. साक्षीदाराने शपथेवर ते शपथपत्र आपलंच असल्याचं सांगितलं, की उलटतपास सुरू.

याचा तुम्हाला फायदा असा, की समोरच्याची पूर्ण गोष्ट आधीच कागदावर मिळते. अडचण अशी, की हा कागद वकिलाने लिहिलेला असतो. भाषा गुळगुळीत असते, आणि कबुली, दावा, ऐकीव गोष्ट, स्वतःचं मत हे सगळं एकाच सुरात येतं. ते वेगळं करणं हेच वाचणाऱ्याचं काम.

एक उदाहरण घेऊ

हे प्रकरण मी शिकण्यासाठी रचलंय, पण तालुका कोर्टात अशी प्रकरणं रोज चालतात. वादी हार्डवेअरचा दुकानदार आहे. प्रतिवादी टेम्पोवाला आहे. साडेतीन लाख रुपये हातउसने दिले, ते परत मिळावेत म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये दावा दाखल झाला. आपण प्रतिवादीच्या बाजूने आहोत.

आपल्या कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, बचाव असा आहे: "बँकेतून आलेले दीड लाख हे कर्ज नव्हतं, माल वाहतुकीचा ॲडव्हान्स होता. त्यातलं नव्वद हजारांचं काम मी केलं, उरलेले साठ हजार परत पाठवले. रोख रक्कम मला कधीच मिळाली नाही."

आता वादीच्या शपथपत्राचा गाभा ऐका. वाचत असाल तर इथे जरा थांबून वाचा, कारण पुढे आपण याच नऊ परिच्छेदांवर काम करणार आहोत.

१. प्रतिवादी हे माझे शालेय जीवनापासूनचे मित्र असून सन २०२१ पासून ते माझ्या दुकानातील माल त्यांच्या टेम्पोतून गिऱ्हाइकांकडे पोहोचवीत असत.

२. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिवादीने टेम्पो घेण्यासाठी माझ्याकडे हातउसने पैसे मागितले.

३. दि. १२/०३/२०२२ रोजी मी प्रतिवादीच्या बँक खात्यात रु. १,५०,०००/- वर्ग केले. खातेउतारा नि. ४/१.

४. दि. २०/०३/२०२२ रोजी माझ्या दुकानात, माझी पत्नी हजर असताना, मी प्रतिवादीस रु. २,००,०००/- रोख दिले. मैत्रीचे संबंध असल्याने लेखी काही करून घेतले नाही.

५. सदर रक्कम दरमहा २ टक्के व्याजाने सहा महिन्यांत परत करण्याचे प्रतिवादीने तोंडी कबूल केले.

६. दि. १२/११/२०२२ रोजी प्रतिवादीने यूपीआयद्वारे रु. ६०,०००/- दिले, ते मी व्याजापोटी जमा करून घेतले.

७. जानेवारी २०२४ मध्ये प्रतिवादीने व्हॉट्सॲपवर सदर बाकी मान्य केली. प्रिंट नि. ४/२.

८. गावातील लोकांकडून मला समजले की प्रतिवादीने इतरांचेही पैसे बुडविले आहेत. त्याचा हेतू सुरुवातीपासूनच फसवणुकीचा होता.

९. दि. ०५/१२/२०२४ रोजी मी वकिलामार्फत नोटीस पाठविली. नोटीस नि. ४/३.

पहिली यादी: कबुली

कबुली म्हणजे काय? भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या कलम १५ मध्ये व्याख्या आहे. साध्या भाषेत, वादातल्या मुद्द्याबद्दल अनुमान काढता येईल असं पक्षकाराचं विधान. त्यातली आपल्याला हवी ती विधानं, जी त्याच्याविरुद्ध जातात. कबुली देणाऱ्याला आपण कबुली देतोय हे माहीत असायलाच हवं असं नाही. उलट, सगळ्यात चांगल्या कबुल्या नकळत दिलेल्या असतात.

परिच्छेद १ पुन्हा बघा. वादीला मैत्री दाखवायची होती. मैत्री दाखवता दाखवता त्याने लिहून दिलं की प्रतिवादी २०२१ पासून त्याचा माल पोचवत होता. म्हणजे दोघांत पैशाचा व्यवहार होण्याचं दुसरं कारण होतं, आणि ते नेमकं आपल्या बचावातलं कारण आहे. ओळख करून देणारा परिच्छेद म्हणून आपण तो वरवर वाचतो आणि पुढे जातो. मुद्दाम थांबायचं ते इथे.

परिच्छेद ४ मधलं शेवटचं वाक्य, "लेखी काही करून घेतले नाही", ही दुसरी कबुली. परिच्छेद ५ मधला "तोंडी" हा शब्द तिसरी. आणि परिच्छेद ६ मध्ये साठ हजार मिळाले, ही चौथी.

परिच्छेद ६ मात्र अर्धा अर्धा वाचायचा. "साठ हजार मिळाले" ही कबुली. "व्याजापोटी जमा केले" हे त्याचं स्वतःच्या सोयीचं म्हणणं. म्हणून कागदावर ६अ आणि ६ब असे दोन भाग करा. ६अ पहिल्या यादीत, ६ब दुसऱ्या यादीत. समोरचे वकील म्हणतीलच की विधान सगळं मिळून वाचा. म्हणून ६ब मोकळा सोडायचा नाही. त्याच्याविरुद्ध आपल्याकडे काय आहे ते पुढे येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. या पहिल्या यादीचं उलटतपासात करायचं काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. कलम ५३ सांगतं की कबूल केलेली गोष्ट वेगळी सिद्ध करावी लागत नाही. शपथपत्रातली कबुली शपथेवर आलेलीच आहे. युक्तिवादाच्या वेळी परिच्छेद क्रमांक सांगून वाचून दाखवायची. उलटतपासात तुम्ही परत विचारलंत, "प्रतिवादी तुमचा माल पोचवत होता ना?", तर साक्षीदार सावध होतो. तो म्हणेल, "हो, पण त्याचे पैसे त्या त्या वेळी रोख देत होतो." हे वाक्य शपथपत्रात नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून ते आलं, आणि आता ते पुराव्यात आहे.

तसंच परिच्छेद १ आणि २ मध्ये एक मोह आहे. प्रतिवादीकडे २०२१ पासून टेम्पो होता, मग २०२२ मध्ये टेम्पो घ्यायला पैसे कशाला? विसंगती सापडली म्हणून आपण खूश होतो आणि विचारून टाकतो. उत्तर येतं, "जुना विकून मोठा घ्यायचा होता." झालं. विसंगती संपली, आणि त्याची गोष्ट अजून पक्की झाली. ही विसंगती कागदावर राहू द्या. ती युक्तिवादात चांगली दिसते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. कबुली म्हणजे अंतिम शब्द नव्हे. ती चुकून किंवा गैरसमजातून दिली हे दाखवायची मुभा देणाऱ्याला असते. म्हणून पहिल्या यादीतलं एखादं वाक्य मोघम असेल आणि त्याला दोन अर्थ निघत असतील, तर तेवढ्यापुरता एक बंद प्रश्न विचारून ते पक्कं करून घ्यावं लागतं. स्पष्ट असेल तर हात लावू नका.

दुसरी यादी: कागदाशिवायची विधानं

इथे नव्या लोकांचा एक गैरसमज असतो. "कागद नाही, म्हणजे सिद्ध नाही." असं नाही हो. कलम ५४ प्रमाणे कागदातला मजकूर सोडला तर बाकी सगळ्या गोष्टी तोंडी पुराव्याने सिद्ध करता येतात. हातउसने पैसे लेखीच द्यायला हवेत असा नियम नाही. न्यायाधीशांना साक्षीदार विश्वासार्ह वाटला तर पावतीशिवायही दोन लाख दिल्याचं मान्य होऊ शकतं.

म्हणून दुसऱ्या यादीत नुसतं "कागद नाही" असं लिहून उपयोग नाही. प्रत्येक विधानापुढे एक प्रश्न लिहायचा: ही गोष्ट खरोखर घडली असती, तर कागद कुठे उमटला असता? याची तीन प्रकारची उत्तरं येतात.

पहिला प्रकार, कागद सहज असायला हवा होता. परिच्छेद ४ मधले दोन लाख रोख. दुकानदाराकडे रोजकीर्द असते, बँकेतून काढले असतील तर नोंद असते. आता इथे समोरच्याचाच कागद उघडा. नि. ४/१ हा खातेउतारा त्याने दीड लाख दाखवायला दिलाय, पण तो पूर्ण मार्च महिन्याचा आहे. आपल्या उदाहरणात दीड लाख गेल्यावर खात्यात १८,४०० रुपये उरलेत, आणि महिनाभरात दोन लाख काढल्याची नोंद नाही. शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख आहे तो कागद पूर्ण वाचायचा, फक्त ज्या ओळीसाठी दिलाय ती ओळ वाचून थांबायचं नाही.

दुसरा प्रकार, कागद आहे, पण तो शपथपत्रातलं वाक्य सांगत नाही. परिच्छेद ७. शपथपत्र म्हणतं "बाकी मान्य केली". प्रिंट काढून बघा. मेसेज असा आहे: "भावा जरा थांब, पुढच्या महिन्यात बसून हिशोब करू." यात रक्कम नाही. कर्ज हा शब्द नाही. "बाकी मान्य केली" हा वादीच्या वकिलाने काढलेला अर्थ आहे. "हिशोब करू" हे वाहतुकीच्या हिशोबालाही लागू पडतं.

या मेसेजबद्दल अजून एक निर्णय घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपची प्रिंट हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. त्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात २०२० मध्ये हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं स्पष्ट केलं. ते जोडलेलं नसेल तर कागदाला निशाणी पडताना हरकत घ्यायची असते. नंतर, युक्तिवादात "पद्धत चुकली" म्हणणं उशिराचं ठरू शकतं. पण इथे थांबून विचार करा. हरकत घेतली तर वादी प्रमाणपत्र आणायला परवानगी मागेल. आणि हा मेसेज आपल्याला फार त्रास देतोय का? कदाचित उपयोगीच आहे. म्हणून यादीत "हरकत घ्यायची का? सिनियरना विचारणे" असं लिहा. स्वतःहून ठरवू नका, आणि विसरूही नका.

याच अनुषंगाने निशाणीच्या क्रमांकाकडे लक्ष द्या. आपल्याकडे कागद यादीसोबत येतो तेव्हा त्याला ४/१, ४/२ असा यादीतला क्रमांक असतो. तो नुसता दाखल झालेला असतो. साक्षीदाराने तो रीतसर शाबीत केल्यावर त्याला स्वतंत्र निशाणी मिळते. शपथपत्रात "कागद दाखल आहे" असं वाचलं की तो पुराव्यात आलाच असं धरून चालू नका. आणि निशाणी पडली म्हणजे आतला मजकूर खरा ठरला, असंही नाही.

तिसरा प्रकार, ज्याला कागद असू शकत नाही पण जे साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंही नाही. परिच्छेद ८. "गावातील लोकांकडून समजले." कलम ५५ प्रमाणे तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो, पाहिलं असेल तर पाहणाऱ्याने येऊन सांगायचं. ही ऐकीव गोष्ट. आणि "हेतू फसवणुकीचा होता" हे मत. या परिच्छेदावर "कोणत्या लोकांनी सांगितलं?" असं चुकूनही विचारू नका. तो चार नावं घेईल, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने अशिलाची बदनामी पुराव्यात आणाल. यादीत लिहा: ऐकीव व मत, युक्तिवादात, आणि उलटतपासात एक वाक्याचा नकार पुरे.

तिसरी यादी: उलटतपासाचे मुद्दे

ही यादी फक्त शपथपत्र वाचून होत नाही. टेबलावर चार कागद शेजारी शेजारी मांडा: नोटीस, वादपत्र, शपथपत्र, आणि आपली कैफियत. एकच घटना चारही ठिकाणी कशी सांगितली आहे ते बघत जा. तारीख, जागा, रक्कम, कोण हजर होतं, काय ठरलं. एवढ्याच पाच गोष्टी.

आपल्या उदाहरणात असं दिसतं. नोटिशीत लिहिलंय, "मार्च २०२२ मध्ये रु. ३,५०,०००/- हातउसने दिले." दोन हप्ते नाहीत, रोख शब्द नाही, व्याज नाही, पत्नी नाही. वादपत्रात रोख रक्कम मार्चअखेरीस प्रतिवादीच्या घरी दिली असं आहे. साठ हजार व्याजापोटी मिळाले असंही आहे, पण व्याजाचा दर कुठेच नाही. शपथपत्रात दोन लाख दुकानात, २० तारखेला, पत्नीसमोर, आणि व्याज दरमहा दोन टक्के.

म्हणजे गोष्ट प्रत्येक टप्प्यावर वाढत गेली आहे. जागा बदलली, साक्षीदार आला, दर आला. हे खरे मुद्दे. शिवाय वादपत्रात जे मांडलंच नाही त्यावरचा पुरावा न्यायालयाने विचारात घेऊ नये, असं दोन टक्क्यांच्या कराराबद्दल नंतर म्हणता येतं.

आधीच्या लेखी विधानाशी विरोध दाखवायचा असेल तर कलम १४८ ची पायरी चुकवू नका. साक्षीदाराला तो भाग दाखवावा लागतो, त्याचं लक्ष वेधावं लागतं. आणि त्याआधी पळवाट बंद करावी लागते, नाहीतर उत्तर ठरलेलं असतं: "ते वकिलांनी लिहिलं, मला माहीत नाही." म्हणून आधी विचारा, माहिती तुम्ही दिली का, वाचून सही केली का. "हो" आलं की मगच वादपत्रातली ओळ दाखवा.

आता ६ब कडे या, "व्याजापोटी" कडे. कागदावर साधं गणित करा. साडेतीन लाखांवर दरमहा दोन टक्के म्हणजे सात हजार. १२ मार्च ते १२ नोव्हेंबर आठ महिने, म्हणजे जास्तीत जास्त छप्पन्न हजार. मिळाले साठ. वरचे चार हजार कशाचे? मुद्दल तर वादी पूर्ण साडेतीन लाख मागतोय. आता आपला बचाव लावून बघा: दीड लाखातून नव्वद हजारांचं काम वजा, उरतात बरोबर साठ.

हे सापडलं की विचारायचा मोह होतो, "मग चार हजार कशाचे?" नका विचारू. तो म्हणेल, "राउंड फिगर दिली." फक्त गणिताचे आकडे एकेक करून पक्के करून घ्या: दर दोन टक्के, चक्रवाढ ठरलं नव्हतं, साठ हजारांशिवाय काही मिळालं नाही. बेरीज-वजाबाकी युक्तिवादात.

गप्प राहायचं नाही ती जागा

इतका वेळ मी "विचारू नका" म्हणतोय, म्हणून आता उलट बाजू. साक्षीदाराच्या ज्या मुख्य विधानाला तुमचा विरोध आहे, त्यावर उलटतपासात काहीच विचारलं नाही, तर ते तुम्ही मान्य केलं असं न्यायालय साधारणपणे धरतं. तुमचा बचावही त्याच्यासमोर ठेवावा लागतो, म्हणजे त्याला हो-नाही म्हणायची संधी मिळते. नाहीतर तुमचा अशील पिंजऱ्यात आल्यावर समोरचे वकील म्हणणार, "ही नंतर सुचलेली गोष्ट आहे."

म्हणून तिसऱ्या यादीच्या शेवटी सूचना लिहायच्या. आपल्या प्रकरणात चार पुरतात. दीड लाख हा वाहतुकीचा ॲडव्हान्स होता. दोन लाख रोख कधीच दिले नाहीत. व्याज ठरलं नव्हतं. साठ हजार ही हिशोबातली उरलेली रक्कम होती. साक्षीदार सगळ्याला "हे खरे नाही" म्हणेल. म्हणू दे. सूचना नाकारली गेली म्हणजे आपण हरलो असं नसतं, आणि सूचना दिली म्हणजे बचाव सिद्ध झाला असंही नसतं. नव्वद हजारांचं काम झालं हे प्रतिवादीलाच बिलं, डिलिव्हरी चलनं, गिऱ्हाइकांचा पुरावा देऊन दाखवावं लागेल. उलटतपासाने ती भोकं बुजत नाहीत. मात्र हेही तितकंच खरं, की पैसे कर्ज म्हणून दिले हे सिद्ध करायचा पहिला भार वादीवर आहे. खातेउतारा पैसे गेले एवढंच सांगतो, कशासाठी गेले ते सांगत नाही.

हातात शेवटी काय उरतं

एक पान, चार रकाने. परिच्छेद क्रमांक. साक्षीदाराचे शब्द, जसेच्या तसे. आधार, म्हणजे कागदाचा क्रमांक किंवा "नाही". आणि शेवटचा रकाना, "काय करायचं", त्यात तीनच शब्द: सोडा, विचारा, सुचवा.

आपल्या उदाहरणात परिच्छेद १ आणि २ पुढे येतं "सोडा". परिच्छेद ३ पुढे "सुचवा", कारण रक्कम मान्य आहे, कारण मान्य नाही. परिच्छेद ४ पुढे "विचारा, सुचवा", पण त्यातल्या "लेखी नाही" या वाक्यापुढे "सोडा". परिच्छेद ५ पुढे "विचारा, सुचवा". ६अ "सोडा", ६ब "विचारा, सुचवा". ७ पुढे "विचारा", मेसेजमध्ये रक्कम नाही एवढंच. ८ पुढे "सोडा, फक्त नकार". ९ पुढे "विचारा", नोटिशीतल्या मजकुरासाठी.

आणि "विचारा" मधून निघणारे प्रश्न असे दिसतात. प्रत्येकात एकच गोष्ट, आणि उत्तर हो किंवा नाही.

नोटिशीची माहिती तुम्हीच वकिलांना दिली होती?
वादपत्र वाचून, समजून त्यावर सही केली?
वादपत्रात रोख रक्कम प्रतिवादीच्या घरी दिली असं नमूद आहे?
पत्नी हजर होती असं नोटिशीत किंवा वादपत्रात नमूद नाही?
दुकानाची रोजकीर्द लिहिली जाते?
ती या कामी दाखल केलेली नाही?
मार्च २०२२ च्या खातेउताऱ्यात दोन लाख काढल्याची नोंद नाही?
दोन टक्के व्याजाचा उल्लेख नोटिशीत नाही, वादपत्रात नाही?
व्हॉट्सॲप मेसेजमध्ये कोणतीही रक्कम लिहिलेली नाही?

यात "का" ने सुरू होणारा एकही प्रश्न नाही. "रोजकीर्द का दाखल केली नाही?" हा प्रश्न मी मुद्दाम वगळलाय. दाखल नाही एवढं रेकॉर्डवर आलं की बास. हातात असलेला पुरावा पुढे आणला नाही तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असं अनुमान न्यायालय काढू शकतं. काढेलच असं नाही, पण त्यासाठी लागणारा पाया घातला गेला.

हे पान बरोबर झालंय की नाही, ते ओळखायची एक खूण सांगतो. शेवटच्या रकान्यात सगळीकडे "विचारा" असेल, तर तुम्ही शपथपत्राला उत्तर देताय, ते वाचलेलं नाही. आणि "सोडा" एकदाही आलं नसेल, तर परिच्छेद १ कडे परत जा. तिथे काहीतरी सुटलेलं असतं.

पुढच्या भागात फेरतपास घेऊ. उलटतपासात निसटलेलं समोरचे वकील कसं सावरतात, आणि त्यावर हरकत कधी घ्यायची, ते तिथे बोलू. तोपर्यंत हातातल्या एखाद्या प्रकरणाचं शपथपत्र काढा, त्याच्या वाक्यांना अ, ब, क क्रमांक द्या, आणि हे एक पान करून बघा. प्रत्यक्ष प्रकरणात काय विचारायचं हे मात्र त्या प्रकरणाचे वकीलच ठरवतील.

भेटू या. नमस्कार.